मॉक ड्रिलच्या आढाव्याचा चुकीचा सारांश : अहवाल नव्याने करून देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, अहवाल लेखन विभाग,
वाशी कार्यालय

विषय : महापे येथील आमच्या कारखान्यातील अमोनिया गळतीच्या मॉक ड्रिलनंतर झालेल्या आढावा बैठकीचे रेकॉर्डिंग आणि त्यावरून आपण दिलेला अहवाल

महोदय,

आपल्या समन्वयकांचा फोन आत्ताच ठेवला आहे. यापुढे फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी देत आहे.

काम काय होते ते आपल्याला माहीत आहे. ५२ मिनिटांचे रेकॉर्डिंग ऐकायचे आणि त्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या : ड्रिलमधून काय शिकायला मिळाले, कुठे त्रुटी सापडल्या आणि कोणती दुरुस्ती कोणाकडे सोपवली. आपल्या माहितीपत्रकात याच तीन गोष्टी छापलेल्या आहेत. हाती आलेल्या अहवालात मात्र तिन्ही रकान्यांत तीच वाक्ये शब्द फिरवून लिहिली आहेत. ‘समन्वय वाढवण्याची गरज आहे’ हे वाक्य त्यात चार ठिकाणी आहे, आणि कोणाचा कोणाशी समन्वय हे एकाही ठिकाणी नाही. रेकॉर्डिंगमध्ये तसे वाक्य कोणी उच्चारलेलेही नाही.

सर्वांत गंभीर चूक बीए सेटची, म्हणजे हवेची बाटली असलेल्या श्वसनसाधनाची आहे. ३१व्या मिनिटाला मेंटेनन्सचा फिटर स्पष्ट सांगतो की त्याने सेट पाठीवर घेतला तेव्हा काटा १४० बारवर होता. भरलेली बाटली ३०० बारची असते. आपल्या अहवालात ‘काय चांगले झाले’ या रकान्यात लिहिले आहे : ‘बीए सेट उपलब्ध होते व त्यांचा योग्य वापर करण्यात आला.’

हे किती उलटे आहे ते हिशेबाने दाखवतो. बाटली ६ लिटरची आहे. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते आणि ती वाजली की बाहेर पडायचे असते. म्हणजे १४० बारमधले वापरता येण्याजोगे ८५ बार, गुणिले ६, एकूण ५१० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले, तर जेमतेम बारा-तेरा मिनिटे मिळतात. पण जाम झालेला वॉल्व पान्याने फिरवणारा माणूस ४० लिटरवर श्वास घेत नाही, सहज ६० वर जातो. मग मिळतात साडेआठ मिनिटे. रिसीव्हरच्या लिक्विड लाइनवरचा किंग वॉल्व बंद करून बाहेर यायला ड्रिलमध्ये नऊ मिनिटे लागली, आणि तेव्हा वॉल्व जाम नव्हता, समोर धूरही नव्हता. खऱ्या गळतीत त्याची शिट्टी आतच वाजली असती. अमोनियाचे प्रमाण ३०० पीपीएमच्या पुढे गेले की ती हवा जिवाला तत्काळ घातक धरतात, आणि गळती होणाऱ्या ग्लँडजवळ ते त्याच्या कितीतरी पुढे जाते. अहवालातले हे वाक्य वाचून कोणीही खात्रीने म्हणेल की या कारखान्यात श्वसनसाधनांची काळजी मिटली आहे.

कारणही रेकॉर्डिंगमध्ये आहे, ऐकायची तसदी घेतली असती तर सापडले असते. ३३व्या मिनिटाला तोच फिटर सांगतो की साप्ताहिक तपासणीच्या तक्त्यात फक्त ‘ओके’चा रकाना आहे, दाब लिहायला जागाच नाही. त्यामुळे सेट पेटीत आहे एवढे पाहून टिक होते. त्यावर तिथेच ठरले की तक्त्यात दाबाचा आकडा लिहायचा आणि २७० च्या खाली असेल ती बाटली त्याच दिवशी भरायला पाठवायची. जबाबदारी मेंटेनन्स प्रमुखांनी स्वतःच्या तोंडाने घेतली, महिनाअखेरची मुदतही दिली. त्रुटी, तिचे कारण, दुरुस्ती, माणूस आणि तारीख, पाचही गोष्टी तीन मिनिटांच्या आत तयार मिळाल्या होत्या. आपल्या अहवालात पाचपैकी एकही नाही.

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहितो, कारण आपल्या वरिष्ठांपर्यंत हे पोहोचलेच पाहिजे. मी समन्वयकांना ३१वे मिनिट लावायला सांगितले. ते म्हणाले, रेकॉर्डिंग आता समोर नाही, पण ‘सगळे मुद्दे कव्हर झालेत.’ मग मी फिटरचे वाक्य वाचून दाखवले. त्यावर उत्तर आले, ‘सर, ते जरा निगेटिव्ह वाटत होतं, म्हणून आम्ही पॉझिटिव्ह करून घेतलं. क्लायंटचा रिपोर्ट चांगला दिसायला हवा ना.’ मी विचारले, चांगला दिसावा असे आम्ही कुठे सांगितले होते? काही वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘तसंही ड्रिलच होतं ना सर, खरी गळती थोडीच होती.’

हे वाक्य मी त्यांना पुन्हा उच्चारायला लावले. त्यांनी ते तसेच पुन्हा म्हटले. ड्रिलचा अहवाल लिहून देण्याचे पैसे घेणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो की ड्रिलमध्ये सापडलेली चूक खरी नसते. ती १४० बारची बाटली खरीच होती. ती त्या दिवशी पेटीत होती, आणि त्या रात्री ग्लँड गेले असते तर तीच बाटली कोणाच्या तरी पाठीवर असती.

दुसरा मुद्दा हजेरीचा. गेटच्या नोंदीप्रमाणे आत ६४ माणसे, असेंब्ली पॉइंटवर ६१. उरलेले तिघे रंगकाम करणारे कंत्राटी कामगार होते आणि ते गच्चीवर सापडले, सायरननंतर ११ मिनिटांनी. अहवाल म्हणतो : ‘हजेरीत किरकोळ तफावत. जबाबदारी : सिक्युरिटी सुपरवायझर.’ अकरा मिनिटे तीन माणसांचा पत्ता नसणे किरकोळ नाही, कारण तेवढा वेळ बचाव पथकाला आत शिरून शोध घ्यायचा की नाही हे ठरवता येत नाही. आणि जबाबदारी सुपरवायझरच्या नावावर टाकली, कारण बैठकीत हा विषय त्यांनी काढला. ही चूक आपल्याकडे सवयीची दिसते, अहवालात आणखी दोन ठिकाणी तेच झाले आहे. जो बोलला त्याच्याच गळ्यात काम. असे एकदा झाले की पुढच्या बैठकीत कोणी तोंड उघडणार नाही.

मुळात त्या तिघांची नोंद मटेरियल गेटच्या वेगळ्या वहीत होती आणि ती वही असेंब्ली पॉइंटवर कोणी आणलीच नाही. मटेरियल गेटवरून कंत्राटी माणूस आत घेणे बंद करायचे, सगळ्यांची नोंद मुख्य गेटवर टोकन देऊन करायची आणि सायरन वाजताच टोकनचा बोर्ड घेऊन निघायचे, असे २४व्या मिनिटाला ठरले. काम दिले गेले कंत्राट विभागाला. सिक्युरिटीला फक्त बोर्ड उचलायचा आहे. पुढच्या ड्रिलला पाच मिनिटांत हजेरी पुरी झाली तरच ही दुरुस्ती झाली असे धरायचे, हेही तिथे बोलले गेले.

तिसरा मुद्दा मला वैयक्तिक पातळीवर सर्वांत जास्त खटकला. असेंब्ली पॉइंट एक वाऱ्याच्या दिशेला येत होता की नाही यावर बैठकीत सरळ वाद झाला. युटिलिटीचा ऑपरेटर म्हणाला की कूलिंग टॉवरमुळे त्या बाजूने विंडसॉक दिसतच नाही, आणि हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, म्हणजे कॉम्प्रेसर रूमवरून थेट लोकांच्या अंगावर. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले की वारा मंद होता, शिवाय अमोनिया हलका, वर निघून जाईल. कोरडा अमोनिया हवेपेक्षा हलका असतो हे खरे. पण द्रवरूप लाइनमधून सुटलेला अमोनिया बारीक थेंबांसकट थंडगार बाहेर पडतो आणि तो ढग आधी जमिनीलगत पसरतो. म्हणून या वादाचा निकाल लागणे गरजेचे होते. तो बैठकीत लागला नाही, विषय लोंबकळत राहिला. आपण लिहिले : ‘असेंब्ली पॉइंटची जागा योग्य असल्याबद्दल सर्वांचे एकमत झाले.’ एकमत झालेच नव्हते. न सुटलेला मुद्दा ‘न सुटलेला’ म्हणूनच लिहायचा असतो, दोन्ही बाजू आणि त्यांचे हुद्दे देऊन, म्हणजे कारखाना व्यवस्थापकांना त्यावर निर्णय घ्यावा लागतो. एकमत लिहिल्यावर तो प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही.

वेळेच्या तक्त्याबद्दल थोडक्यात. आपल्या तक्त्यात ११:०५ ला वॉटर कर्टन सुरू होतो आणि ११:०६ ला सायरन वाजतो. सायरनच्या आधी पाणी कोणी सोडले? गेटचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते, हे चौथ्या मिनिटालाच सांगितले आहे. सायरन ११:०२ ला वाजला. तक्ता करताना एकच घड्याळ धरायचे आणि बाकीच्या वेळा त्याला जुळवून घ्यायच्या, एवढी प्राथमिक गोष्ट आपल्या लेखकाला शिकवावी लागते आहे. आपले इतके नाव ऐकून काम दिले होते, त्या नावाला हे शोभत नाही.

आमच्या कारखान्याला धोकादायक रसायनांचे १९८९ चे नियम लागू आहेत. त्यातल्या नियम १३ प्रमाणे दर सहा महिन्यांनी ड्रिल घ्यावे लागते आणि त्याचा तपशीलवार अहवाल संबंधित प्राधिकरणाला उपलब्ध करून द्यावा लागतो. हा अहवाल आम्ही सहीनिशी पुढे पाठवला असता, तर बीए सेट ठीक होते असे आमच्याच सहीने नोंदले गेले असते. बीए सेटचा उल्लेख मी पुन्हा करतो आहे, कारण आपल्या समन्वयकांनी त्याला ‘वर्डिंगचा प्रश्न’ म्हटले.

आता काय हवे ते लिहितो. रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा ऐकावे, आणि हे काम कारखान्यात वावरलेल्या माणसाने करावे. प्रत्येक त्रुटीसमोर रेकॉर्डिंगमधले मिनिट आणि बोलणाऱ्याचा हुद्दा हवा. दुरुस्तीसमोर ती ज्याने स्वीकारली त्याचाच हुद्दा, मुदत आणि ती पूर्ण झाली हे कशावरून ठरवायचे ते हवे. ‘बघून घेऊ’, ‘करून टाकू’ अशी वाक्ये कोणाच्या नावावर चढवू नयेत, ती ‘जबाबदारी ठरलेली नाही’ अशा वेगळ्या यादीत टाकावीत. ऐकू न आलेल्या जागी ‘अस्पष्ट’ लिहावे, अंदाजाने भरू नये.

सुधारित अहवाल सात दिवसांत मिळाला नाही, तर खरेदी आदेशातील अटीप्रमाणे आपले बिल रोखले जाईल, कंपनीचे नाव आमच्या मंजूर पुरवठादारांच्या यादीतून वगळले जाईल आणि कायदेशीर नोटीस पाठवली जाईल. महापे, रबाळे आणि पावणे इथल्या ज्या कारखान्यांशी आमचा परस्पर मदतीचा करार आहे, त्यांच्या पुढच्या बैठकीत आपला अहवाल आणि रेकॉर्डिंगचे ३१वे मिनिट शेजारी-शेजारी ठेवण्यात येईल. तेही असे अहवाल बाहेरून करून घेतात.

रेकॉर्डिंगची प्रत आपल्याकडे कोणाकोणाकडे आहे ते लेखी कळवावे. त्यात आमच्या माणसांचे आवाज आणि प्लांटचा आराखडा आहे. सुधारित अहवाल आमच्या हाती आल्यावर सर्व प्रती नष्ट केल्याचे पत्रही सोबत द्यावे.

सुरक्षा अधिकारी,
महापे, नवी मुंबई

सोबत : मूळ अहवालाची प्रत, चुकीची वाक्ये आणि रेकॉर्डिंगमधील मिनिटे खुणा करून