भंगारवाला दोन हजार जास्त देतो, पण…

संपादक महोदय,
वडिलांची २००७ची मारुती अंबडच्या भंगारवाल्याला द्यायचं आमचं जवळजवळ ठरलंच होतं. तो नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रापेक्षा दोन हजार जास्त देत होता. पण त्याच्याकडे गाडी तुटली तरी आरसी आपल्याच नावावर राहते. शेजाऱ्यांच्या तुटलेल्या स्कूटरला वर्षभराने ई-चलन आलं, बहुधा तिची नंबरप्लेट कुठेतरी फिरत असावी.

केंद्रात आधी कर्जाचा बोजा आणि थकीत दंड तपासला. आमचं बँकेचं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवरचा बोजा तसाच! बँकेची एनओसी आणून तो उतरवण्यात तीन आठवडे गेले. मग गाडी जमा झाली, ठेव प्रमाणपत्र मिळालं. ते दाखवलं की नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि मोटार वाहन करातही सवलत मिळते.

शोरूमची सूट मात्र वेगळी, ती कंपनीच्या मर्जीवर. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच ती लिहून घ्यावी. आम्ही नाही घेतली, आणि डिलिव्हरीच्या दिवशी ‘ती ऑफर संपली’ असं ऐकलं.

– एक वाचक, सिडको, नाशिक