बाबा, ते 101 रुपये आजीनेच पाठवलेत

प्रिय आई-बाबा,

बाबा, मंगळवारी तुमच्या खात्यात 101 रुपये आल्याचा मेसेज आला आणि तुम्ही भर उन्हात बँकेत जाऊन कुणीतरी फसवायला बघतंय म्हणून तक्रार करून आलात, हे आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग एकदम पोटात गोळाच आला. कारण पाठवणाऱ्याचं नाव म्हणून त्यात आजीचं नाव दिसलं असेल आणि तुम्हाला वाटलं असेल की हिचं खाते तर माझ्या फोनला जोडलेलंय, मग हिच्या नावाने पैसे पाठवतंय कोण. तर ते आजीनेच पाठवलेत. वाढदिवसाचे. मी शेजारी उभी होते पण बोट तिचंच होतं.

मी आधीच सांगायला हवं होतं, माहितीये मला. मागच्या महिन्यात आजीचं इथल्या बँकेत नवीन खातं उघडलं. तुम्हाला न विचारता. रोज रात्री फोन करताना म्हणायचे आज सांगू, आणि मग आईच्या गुडघ्याचं निघायचं, फिजिओवाला आला का, जिना चढली का, आणि राहून जायचं. आधी हे वाचा आणि शांत व्हा: पेन्शनच्या खात्याला मी हातसुद्धा लावलेला नाही. ते कराडला आहे तसंच आहे, तुमच्याच नंबरला जोडलेलं. तिथला एक रुपया इकडे आलेला नाही. नव्या खात्यात मी तीन हजार टाकलेत, संपत आले की परत टाकते, म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी जाऊन जाऊन तेवढेच जातील.

नवीन खातं का, तर जुन्यावर हे होतच नाही. स्कॅन करून पैसे द्यायचे तर बँकेत जो नंबर नोंदवलेला असतो त्याच नंबरचं सिम त्या फोनमध्ये लागतं, ॲप सुरू करतानाच त्या सिमवरून एक मेसेज आपोआप जातो आणि तिथे नंबर जुळला नाही तर पुढे सरकतच नाही. म्हणजे एकतर तुमचं सिम आजीच्या फोनमध्ये, नाहीतर पेन्शनच्या खात्याचा नंबर बदलायचा. दोन्ही मला नको होतं. मग तिचं आधार घेतलं, पॅन नाही म्हणून फॉर्म 60 भरला, तिच्या नावाने सिम घेतलं, कार्ड आलं, त्या कार्डावर पिन ठरवला. सहा आकडी. तो ठरवताना तिने मला पाठ फिरवायला लावली बरं का, गोदरेजच्या कपाटाची किल्ली काढताना आपल्याला लावायची ना तशीच. मलाही माहीत नाही तो पिन.

आता हे सुरू कसं झालं ते सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती खाली एकटी जायला लागली, सोसायटीच्या गेटच्या उजव्या हाताला भाजीवाल्या मावशी बसतात, तिथवर. लिफ्ट आहे, रस्ता ओलांडायचा नाही, वॉचमन काका बघतात, काळजी करू नका. तर मावशींकडे सुट्टे कधीच नसतात. आजी कनवटीची शंभराची नोट काढणार, मावशी म्हणणार आजी स्कॅन करा की, आणि मग वॉचमन काकांकडून सुट्टे आणणं आलं. चार-पाचदा झालं. एकदा तिच्या मागे उभ्या पोराने तिचे 40 रुपये स्वतःच्या फोनवरून भरले आणि राहू द्या आजी म्हणाला. झालं! घरी आली ती फणफणत. "मी काय त्याच्या दारात गेले होते का?" त्या रात्री मला म्हणाली, मला शिकव ते.

शिकवलं चिनूने, मी नाही. मला धीर नाही, आई तुला माहीतच आहे, पाढे घेताना तू जशी चिडायचीस तशीच मी चिडते.

पहिले दोन दिवस फोन तिचं ऐकेचना. तिला वाटलं फोन बिघडलाय, आणि ती नखाने दाबत होती, दाराची बेल दाबल्यासारखी जोर लावून. त्या काचेला नख कळत नाही, बोटाची कातडी टेकावी लागते, आणि तिची बोटं तर सत्तर वर्षं चुलीवर आणि भाकरीवर कोरडी झालेली. चिनूने सांगितलं पणजी, बोटाला जरा खोबरेल लाव, पुसून टाक आणि फक्त टेकव, दाबू नकोस. जमलं. मग हात थरथरतो म्हणून एकच आकडा दोनदा उमटायचा. भाजी झाली 60 ची आणि स्क्रीनवर 600. मावशींच्या पुठ्ठ्यावरच्या कोडमध्ये रक्कम नसते ना, ती आपणच टाकायची असते, त्यामुळे चूक झाली तर आपलीच. यावर तिने स्वतःच उपाय काढला. आकडा टाकला की फोन मावशींपुढे धरते आणि मोठ्याने वाचते, "साठ. बरोबर?" मावशी हो म्हणाल्या की मगच पिन. आणि कढीपत्ता आधी पिशवीत पडल्याशिवाय आकडाच टाकत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

उन्हात स्क्रीन दिसत नाही तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या आत फोन धरते. बाबा तुम्ही बघाच एकदा, नऊवारीच्या पदराखाली फोन आणि कोडच्या पुठ्ठ्यासमोर ती वाकलेली, देवघरात निरांजन विझू नये म्हणून आडोसा करते ना, अगदी तसं.

पण मला खरं सांगायचंय ते पहिल्या खऱ्या दिवसाचं. म्हणजे चिनूशिवाय, मी चार पावलं मागे. मेथी 20, अर्धा किलो वांगी 30, कोथिंबीर 10. स्कॅन केलं. वर नाव आलं, कुणा पुरुषाचं. आजी थांबली. चिनूने तिला तेवढं पक्कं शिकवलं होतं की पैसे टाकायच्या आधी नाव वाचायचं, कारण लोक दुसऱ्याच्या कोडवर आपला कोड चिकटवून जातात आणि पैसे भलत्याला पोचतात. तर ती म्हणाली, ही तू नाहीस, हा कोण? मावशी म्हणाल्या, आजी तो माझा थोरला, त्याच्याच खात्यात जातात सगळे. मग तुझं खातं? आहे की गावाला, पण त्याला मालकांचा नंबर आहे, मेसेज त्यांनाच जातो.

आजी जरा वेळ काही बोललीच नाही. मागे दोन गिऱ्हाईकं उभी. मग म्हणाली, "माझंबी तसंच होतं गं." आणि पिन टाकून साठ रुपये दिले.

बाबा, हे लागेल तुम्हाला, म्हणून लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. तिने तक्रार म्हणून नाही म्हटलं. आजोबा गेल्यावर पेन्शनसाठी तुम्ही जे खेटे घातलेत, हयातीच्या दाखल्याला तिला दर नोव्हेंबरला रिक्षाने नेऊन आणलंत, पासबुक भरून तिच्यापुढे ठेवलंत, ती अजून सगळ्यांना सांगते माझ्या लेकाने एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तेव्हा तिच्याकडे फोनच नव्हता, तुमचा नंबर नाही देणार तर कोणाचा देणार. फक्त हल्ली ती रात्री झोपायच्या आधी शिल्लक बघते. रोज. आकडा वाचते, मान हलवते आणि फोन उशीखाली ठेवते. लहानपणी मी गल्ल्यातली नाणी रोज मोजायचे आणि तुम्ही हसायचात, आणि मग मी झोपल्यावर त्यात एक चाराणे टाकायचात. मला माहीत होतं ते.

गडबडी होतात, नाही असं नाही. गेल्या आठवड्यात तिच्या खात्यातून 35 कापले आणि मावशींच्या लेकाला पोचलेच नाहीत, स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मावशी म्हणाल्या पुन्हा स्कॅन करा, पण तिने केलं नाही, रोख दिले आणि घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. तेच बरोबर होतं. असं अडकलेलं असलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवायचं नाही, आधी ॲपमध्ये मागचे व्यवहार बघायचे. दुकानदाराला पोचले नसतील तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत यायला हवेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिचे तर दुसऱ्याच दिवशी आले. वहीतल्या त्या ओळीवर तिने काट मारली. आणि एकदा फोन उघडायचा नंबर आणि पैशाचा पिन यात गोंधळ होऊन तीनदा चुकीचा टाकला, मग बँकेने त्या दिवसापुरतं बंदच केलं. म्हणून कनवटीला दोनशे रुपये अजून असतात. ते राहणारच.

फसवणुकीचं म्हणाल तर तिला एकच वाक्य पाठ करून घेतलंय, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. कुणी म्हणालं तुमचे पैसे आलेत, पिन टाका, तर तो चोर. परवा खरंच कुणाचा तरी फोन आला, बँकेतून बोलतोय म्हणून, तर ती म्हणाली "थांबा, नातीला देते" आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून भाकरी थापत बसली. ठेवला मग त्यानेच.

आणि हो, ती दिवाळीपर्यंत इथेच राहतेय. हेही ठरवून टाकलंय, रागावू नका. आई, तुझा गुडघा अजून तीन महिने नीट सांभाळायचाय, आणि आजी तिकडे असली की तू उठून तिचा चहा करणार, ते मला नको. इथे ती मजेत आहे, तिची तांदळाची पेज, दुपारची झोप, गोधडी, सगळं आहे, तिची पितळी वाटीसुद्धा मी आणलीये. तू फक्त व्यायाम चुकवू नकोस, फिजिओवाल्याला खोटं सांगू नकोस, त्याने मला फोन केला होता. बर्फ शेकायचा. वाकून झाडायचं नाही. बाबा, तुम्ही बीपीची गोळी सकाळी घ्या, आठवण झाली की नाही.

आणि बँकेतली ती तक्रार मागे घ्या आधी. ते 101 परत पाठवू नका, हे विशेष सांगते, कारण तुम्ही तेच करणार. तिने सकाळपासून चारदा विचारलंय, पोचले का, काय म्हणाला. मी सांगितलं बँकेत गेलेत, येतील. संध्याकाळी सातनंतर तिच्या नंबरवर फोन करा, माझ्या नाही. नंबर आईकडे पाठवलाय.

तुमची,
सोनू