शर्वरीचं नाव नोंदीत घालून घ्या

लेस्टर, इंग्लंड
28 डिसेंबर 2025

चि. सचिन आणि चि. सौ. मेघना यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा मेघनाने बाळाच्या जन्मदाखल्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘आत्या, यात नावाची जागा कोरीच आहे, आता पासपोर्टचं काय?’ फोनवर मी ‘घाबरू नकोस’ एवढंच म्हणाले, कारण अशा गोष्टी फोनवर सांगितल्या की निम्म्या विसरतात. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे हे काम मला आतून माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहिते. मेघना संक्रांतीला कराडला जाणार आहे ना, तेव्हा हे पत्र बरोबर असू द्या.

जागा कोरी राहिली यात दवाखान्याचं काही चुकलेलं नाही. दवाखान्यात जन्म झाला की त्याची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी दवाखान्याचीच असते, आणि ती 21 दिवसांत द्यायची असते. तुमचा फॉर्म डिस्चार्जच्या वेळी भरला गेला. तेव्हा बारसं व्हायचं होतं, नाव ठरलेलं नव्हतं. आपला कायदा हे ओळखून आहे. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव मागाहून घालता येतं, त्यासाठी 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम 14 वेगळं दिलेलं आहे. नाव ठरेपर्यंत नोंदच लांबवणारे आईबाप मी पाहिले आहेत, त्यांना फार जास्त त्रास होतो. तुमची नोंद वेळेत झाली आहे. जन्म 3 मार्च, नोंदणी 11 मार्च. राहिलं आहे ते फक्त नाव चढवणं.

आता मुदत. बारा महिने मोजायचे ते जन्मापासून नव्हे, नोंदणीच्या तारखेपासून. दाखल्यावर जन्मतारीख वर असते आणि नोंदणीची तारीख खाली, नोंदणी क्रमांकाजवळ. लोक वरचीच तारीख धरून बसतात. तुमची नोंदणी 11 मार्च 2025 ची, म्हणजे 10 मार्च 2026 पर्यंत अर्ज दिला की विलंब शुल्क लागत नाही. पुढेही दार बंद होत नाही, नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. पण शाळेत घालायच्या वेळी बघू, असं मात्र करू नका. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच मागतात. शाळेचा दाखला किंवा दुसरा एखादा कागद पुढे करून चालून जायचं, तसं आपल्या शर्वरीच्या पिढीचं होणार नाही. पासपोर्टलाही हाच नियम आहे. आणि कोऱ्या नावाच्या दाखल्याने एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी त्या आईवडिलांना मुलगी झाली. ती मुलगी शर्वरीच, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

सचिन, तू म्हणालास की पुण्यातच कुठेतरी करून टाकतो. ते होणार नाही. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे असते, आईवडील राहतात तिथे नसते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे हा घोळ घरोघरी असतो. माझ्या खिडकीशी असे कितीतरी जण येत, मूल जन्मलेलं दुसऱ्याच तालुक्यात आणि हे आमच्याकडे सकाळपासून रांगेत उभे. तुमचा दाखला कराड नगरपरिषदेचा आहे, तर काम तिथल्याच जन्म-मृत्यू विभागात होईल. (खेड्यात जन्म असता तर ग्रामपंचायतीत.) दवाखान्यातही पुन्हा जाऊ नका. त्यांनी खबर दिली तिथे त्यांचं काम संपलं, निबंधकाच्या नोंदीत ते हात घालू शकत नाहीत.

अर्ज साधा असतो. त्यांचा छापील नमुना असेल तर तो भरायचा, नाहीतर कोऱ्या कागदावर निबंधकांच्या नावे लिहायचा: जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, आईवडिलांची नावं, आणि बाळाचं जे नाव घालायचं ते मराठीत व इंग्रजीत. खाली दोघांच्या सह्या असू द्या. कायदा आई, वडील किंवा पालक एवढंच म्हणतो, पण दोघांच्या सह्या असल्या की खिडकीवर प्रश्नच येत नाहीत. सोबत दोघांच्या आधारची प्रत आणि आत्ता हातात असलेला मूळ दाखला न्या, कारण नाव घालताना तो दाखवावा लागतो. सचिनला सुट्टी नसेल तर त्याची सही आधीच घेऊन मेघनाने स्वतः जावं. आजोबांना एकट्याला पाठवू नका, त्यांना परत पाठवलं तर उगाच त्यांची दगदग.

अर्ज लिहायच्या आधी दाखल्यावरचा नावाचा रकाना भिंगाखाली धरल्यासारखा वाचा. फोटोत मला तो कोरा दिसतो, आणि तसाच असेल तर काम सोपं आहे. पण काही ठिकाणी तिथे आईच्या नावापुढे ‘चे बाळ’ किंवा इंग्रजीत ‘बेबी ऑफ’ असं टाकून ठेवतात. मग कागदोपत्री नाव भरलेलं ठरतं, आणि तुमचा अर्ज नाव घालण्याचा न राहता दुरुस्तीचा व्हायची शक्यता असते. दुरुस्तीचं कलम वेगळं, 15 वं, आणि तिथे पुरावे जास्त मागतात.

दुरुस्तीवरून मुद्द्याचं सांगते. मेघना, दाखल्यात तुझं नाव माहेरच्या आडनावाने आलंय, तुझ्या लक्षात आलं का? दवाखान्याचा केसपेपर तुझ्या वडिलांनी काढला असणार, तेच पुढे नोंदीत गेलं. तुझं आधार आणि पासपोर्ट अजून माहेरच्या नावाने असतील तर हात लावू नकोस, सगळं जुळतंच आहे. लग्नानंतरच्या नावाने असतील तर मात्र नाव घालण्याच्या अर्जासोबत दुरुस्तीचा वेगळा अर्ज दे. त्याला विवाह नोंदणीचा दाखला आणि आधार जोड, आणि माहिती असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागेल, ते नियमातच आहे. दुरुस्ती मान्य करायची की नाही हे निबंधक ठरवतात. झाली तर मूळ अक्षरं तशीच ठेवून समासात शेरा मारतात, सही-तारखेसह. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबू नका. एकीसाठी दुसरी अडकून पडते.

आणि आता नाव. पत्रिकेत देवकी आलं, दादाला देवयानी हवं, तुम्ही दोघं शर्वरी म्हणता आणि पाळण्यात तेच ठेवलंत. मला एवढं ठामपणे सांगायचं आहे की घरात हे एकदाचं ठरवून मगच कराडला जा. रकाना कोरा आहे तोवर निवड तुमच्या हातात आहे. एकदा नाव चढलं की निबंधकाला चूक दुरुस्त करता येते, पण आईवडिलांचं मन बदललं म्हणून नाव बदलून देता येत नाही. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. सासऱ्यांच्या समाधानासाठी नोंदीत एक नाव घातलं होतं आणि मुलाला हाक दुसऱ्याच नावाने मारत होते. शाळेत तो दुसऱ्या नावाने ओळखला जायला लागला तेव्हा ते बदलून मागायला आले. मला नाही म्हणावं लागलं, आणि ती आई तिथेच रडली. म्हणून माझं मत असं: जे नाव घेऊन ती आयुष्यभर वावरणार, तेच नोंदीत जावं. देवकी पत्रिकेत राहू दे, तिथे ते कुणी पुसत नाही. दादाशी मी बोलेन.

इकडे लेस्टरला आपल्या अवनीच्या वेळी मी लेकीसोबत नोंदणी कार्यालयात गेले होते. इथे आईवडील स्वतः 42 दिवसांत जाऊन माहिती देतात, समोरचा अधिकारी नोंद तयार करतो, ती वाचून बघायला देतो आणि मग सही घेतो. नाव बदलायचं झालं तर नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत तशी सोयही आहे. आपल्याकडे ती नाही. पण सहीआधी वाचून बघण्याची सवय तुम्ही जरूर उचला.

कारण खरी गडबड तिथेच होते. नाव पूर्ण लिहा: शर्वरी सचिन देशमुख. नुसतं शर्वरी लिहिलं तरी कायद्याला चालतं, पण पुढे प्रत्येक ठिकाणी आडनावाचा खुलासा करत बसाल. इंग्रजीत ‘व’ साठी व्ही लिहायचा की डब्ल्यू, हे आजच ठरवा आणि अर्जात मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर टाइप करणारा त्याच्या सवयीने लिहील. तिचं बाल आधार आधीच काढलं असेल तर त्यावरचं स्पेलिंग तपासा आणि तेच घाला. देशमुखचं स्पेलिंग सचिनच्या पासपोर्टवर आहे तसंच. संगणकावर भरल्यावर छापण्याआधी पडदा दाखवा म्हणून विनंती करा. सौम्यपणे विचारलं की बहुतेक जण दाखवतात.

निबंधक नोंदीत नाव लिहून त्यापुढे आद्याक्षरी आणि तारीख टाकतात, आणि मग नावासह नवा दाखला मिळतो. नव्या दाखल्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख जुनीच असली पाहिजे, 11 मार्च 2025. तिथे नवी तारीख दिसली तर जुन्या नोंदीत नाव न घालता कुणी दुसरीच नोंद तयार केली असं समजा आणि तो कागद घेऊन घरी येऊ नका, लगेच दाखवा. एका मुलाच्या दोन नोंदी म्हणजे पुढे मोठी डोकेदुखी. खिडकीपासून हलण्याआधी क्यूआर कोड फोनवर उघडून बघा, उघडलेल्या नोंदीत नाव दिसतंय ना. कागदावर आलं आणि संगणकात राहिलं, असंही होतं.

दाखल्याच्या जास्तीच्या प्रती फी भरून तेव्हाच घ्या, परत कराडची फेरी नको. पासपोर्टची तारीख दाखला हातात आल्यावरच घ्या. अर्ज देण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा, मी वाचून सांगते. आपल्या दुपारी तीनला पाठवलात तर इथे सकाळ झालेली असते.

दादाला आणि वहिनीला नमस्कार, मेघनाच्या आईवडिलांना माझा निरोप सांगा. शर्वरीचे बोरन्हाणाचे फोटो पाठवायला विसरू नका.

तुमची,
आत्या