गरोदर बाईचं वजन, शुगर आणि बीपीचा पट्टा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजनदार स्त्रियांच्या गरोदरपणावर लेख आला, हे बरं झालं. पण त्यातल्या 'दिवस राहिल्यावरही वजन उतरवण्याचा प्रयत्न करावा' या वाक्याने माझ्या घरात दोन दिवस रडारड झाली. मी ३१ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली आहे आणि माझी भाची नुकतीच बाळंत झाली. तिने लेख वाचून फोन केला, "मावशी, म्हणजे माझं सगळं चुकलंच की गं!" तिचं फारसं काही चुकलेलं नाही. कसं, ते लिहिते.

भाचीची उंची १५५ सेंटिमीटर, दिवस राहिले तेव्हा वजन ७६ किलो. किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की बीएमआय निघतो. तिचा ३१.६ आला. आपल्या अंगकाठीला डॉक्टर २५च्या पुढेच लठ्ठ म्हणतात. पण गरोदरपणात वजन किती वाढावं याचं जे कोष्टक सर्वत्र वापरतात, त्यात बीएमआय ३०च्या पुढे असलेल्या बाईला ५ ते ९ किलो वाढ ठीक धरली आहे. म्हणजे उतरवायचं नाही, बेताने वाढू द्यायचं. बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं रक्त आणि पिशवी यांचंच मिळून सहासात किलो होतं, मग उपाशी राहून काय साधणार? ती ७६वरून बाळंतपणाच्या आठवड्यात ८२.५ला पोचली. हे तिचं यशच आहे, पण तिच्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की सुनेने खाल्लंच नाही.

आता शुगर. पहिल्याच भेटीत, नवव्या आठवड्यात, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून दिलं आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतलं. पोट रिकामं असायची गरज नाही, सरकारी पद्धत हीच आहे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती चाचणी बाद, दुसऱ्या दिवशी परत करायची. १४०च्या आत ठीक, १४० किंवा वर आलं की गरोदरपणातला मधुमेह. भाचीची १२६ आली आणि घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले. इथेच बहुतेकींची गल्लत होते. पहिली तपासणी आधीपासून लपलेली शुगर शोधते. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो तो पुढे, साधारण २४ आठवड्यांनंतर. म्हणून २४ ते २८ आठवड्यांत तीच चाचणी पुन्हा करायची असते. पंचविसाव्या आठवड्यात भाचीची शुगर १५२ आली.

डॉक्टरांनी लगेच औषध दिलं नाही. आधी दोन आठवडे खाणं सुधारायचं, मग पाहू, असं सांगितलं. उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवून दोन तासांनी १२०च्या आत, एवढं लक्ष्य. उपाशीपोटीची छान येत होती, पण नाश्त्यानंतर रोज १३८, १४१. मी विचारलं, सकाळी काय खातेस? म्हणाली, "साखर तर बंदच केली की. चपाती आणि काकवी." गूळ, काकवी, उसाचा रस ही साखर नव्हेच, अशी आपल्या भागात एक पक्की समजूत आहे. चहात साखर नको म्हटलं की गूळ पडतो! शुगरच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. त्यात सकाळच्या वेळी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी असतो, म्हणून नाश्ताच सगळ्यांत नडतो. काकवी बंद झाली, चपातीच्या जागी मुगाचं धिरडं आणि दही आलं, खाल्ल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या. पाचव्या दिवशी ११६. नवरात्रात उपास धरायचा हट्ट मात्र तिने सोडला नाही. साबुदाण्यावर राहिली आणि शुगर पुन्हा वर गेली. मग सासूबाईंनीच "अंबाबाई काही रागवायची नाही, जेव" म्हणून सोडवलं. दोन आठवड्यांनी तिला गोळ्या-इन्सुलिन लागलं नाही. पण ज्यांना लागतं त्यांनी ते घ्यावं. त्यात हार कसली?

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते बीपीचं. तिसाव्या आठवड्यात एका दवाखान्यात तिचं बीपी १४६/९४ आलं आणि घरी कळवळ सुरू झाली. नंतर दुसरीकडे मी सोबत होते. मी टेपने तिचा दंड मोजला, ३६ सेंटिमीटर. बीपी घेताना दंडाला गुंडाळायचा नेहमीचा पट्टा किती घेराच्या दंडासाठी आहे ते त्याच्यावर छापलेलं असतं, बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर. जाड दंडावर छोटा पट्टा गुंडाळला की आतली शीर दाबायला जादा हवा भरावी लागते आणि यंत्र बीपी जास्त दाखवतं. पट्टा बसत नाही म्हणून अर्धवट चिकटवतात, मध्येच फटकन सुटतो, बाई ओशाळते. सिस्टरांनी कपाटातून मोठा पट्टा काढला. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प पाच मिनिटं बसवलं आणि दंड छातीच्या उंचीला ठेवून बीपी घेतलं. १३०/८४ आलं. लघवीत प्रथिनंही नव्हती.

कुणी याचा अर्थ असा घेऊ नये की जाड बाईचं वाढलेलं बीपी खोटंच असतं. वजन जास्त असलं की बीपी वाढण्याचा धोका खराच जास्त असतो, म्हणूनच पट्टा बरोबर हवा. मोठ्या पट्ट्यावरही चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर ते खरं. आणि १६०/११० आलं, किंवा न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, अचानक तोंडाला सूज असं काही झालं, तर पट्ट्याचा वाद घालत बसू नये, गाडी काढावी.

माझी विनंती महापालिका आणि जिल्हा आरोग्य विभागाला आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. त्या टेबलावर एक मोठा पट्टा आणि एक शिंप्याची टेप ठेवा. वजन करताना आकडा मोठ्याने ओरडून सांगू नका. माझी भाची एकदा तेवढ्याच कारणाने महिनाभर फिरकली नव्हती, आणि तो महिना नेमका पाचव्याचा होता.

पहिलं बाळंतपण माहेरी असल्याने आठव्या महिन्यात तिचा डॉक्टर बदलला. तेव्हा मी तिच्या फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून दिलं: 'दंड ३६ सेंमी, मोठा पट्टा लावावा. शुगर २५व्या आठवड्यात १५२, पथ्यावर आहे.' बाळ ३.१ किलोचं झालं, दोघं घरी आली. आता बारशाच्या धांदलीत सहाव्या आठवड्याची ग्लुकोजची चाचणी राहून जाऊ नये, म्हणून तीही त्याच पानावर लिहिली आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
राजारामपुरी, कोल्हापूर
(भाचीच्या विनंतीवरून नाव छापू नये.)