दोन हप्ते आणि एक गाऱ्हाणं

प्रिय दिग्या,

शिमग्यानंतर तुला एक ओळ लिहिली नाही, तू दोनदा फोन केलास तेव्हा मी "नंतर करतो" म्हटलं आणि केला नाही, हे सगळं मान्य. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर तशीच आहे, पुढचं ऐक.

गाडीच्या कर्जाचा हप्ता बँकेने एका महिन्यात दोनदा कापला. जुलैत. मी गप्प बसलो. ऑगस्टमध्ये परत दोनदा. हो, तीच गाडी, जिच्यावरून आपण डिचोलीच्या बसस्टँडवर अर्धा तास भांडलो होतो आणि तू "सेकंडहँड घे रे, पाच लाखांचं कर्ज कशाला गळ्यात बांधतोस" म्हणाला होतास. आता हसून घे एकदा, मग पुढे वाच.

झालं काय, की ऑफिसने पगाराची तारीख पुढे ढकलली म्हणून मी जूनमध्ये हप्ता 5 तारखेचा 10 करून घेतला. कर्ज एका बँकेचं, पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत, त्यामुळे हप्ता जातो तो मॅन्डेटवर, म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे कापायला आपण सही करून दिलेल्या परवानगीवर. नव्या तारखेसाठी नवा मॅन्डेट सही करून दिला, पण जुना कोणी रद्दच केला नाही. दोन्ही जिवंत. 5 ला जुना 10,501 खेचतो, 10 ला नवा 10,501 खेचतो. हे मला आत्ता कळतंय, जुलैत कळलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, म्हणजे तुला परत काहीच लिहिलं नसतं!

आधी पगाराच्या बँकेत गेलो. काउंटरवरचा म्हणे, "आम्ही फक्त मॅन्डेट पाळतो, मागणी तिकडून येते." तिकडे गेलो. तिथला मुलगा म्हणे, "काका, कधी कधी एसएमएस दोनदा येतो, पैसे एकदाच जातात." काका! मी मोबाईल पुढे केला तर त्यात काहीच धड दिसेना, कारण स्क्रीनशॉट काढून मी शहाणपणाने कापले होते, वरची तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव गेलं होतं, उरला फक्त आकडा. तोच आकडा चारदा. घरी येऊन पूर्ण स्क्रीनचे परत काढले, चारही. आता दिसतं की दोन मेसेजांत पाच दिवसांचं अंतर आहे, रेफरन्स नंबर वेगळे आहेत आणि दुसऱ्या मेसेजमधली शिल्लक खाली गेलेली आहे. एकच मेसेज दोनदा आला असता तर रेफरन्स तोच असता. पण खरी गोम पासबुकात निघाली, दोन्ही नोंदींपुढे "ACH D" आहे, म्हणजे मॅन्डेटवर कापलेले पैसे, आणि दोघांचा UMRN, म्हणजे मॅन्डेटचा स्वतःचा नंबर, वेगवेगळा आहे. तिथे मुलगा गप्प झाला.

मग त्याने दुसरं काढलं. "पैसे कुठे जातात, लोनमध्येच आहेत, पुढच्या हप्त्यात अ‍ॅडजस्ट होतील." मी मान डोलावून घरी आलो रे! जेवताना मात्र डोक्यात किडा वळवळला. फाइलमधून हप्त्यांचं शेड्यूल काढलं, ते कर्ज घेताना दिलेलं लांबलचक कोष्टक, जे आपण कधीच वाचत नाही. साडेनऊ टक्के, साठ हप्ते. जुलैचा हप्ता चौदावा, त्यात 3,252 व्याज आणि 7,249 मुद्दल, आणि त्यानंतर बाकी 4,03,537. आता कर्जखात्याचं स्टेटमेंट मागवलं, तर जुलैअखेर बाकी किती? 4,03,537. दोन हप्ते जाऊनही बाकी एका हप्त्याचीच कमी झालेली. म्हणजे माझे जादा 10,501 मुद्दलात उतरलेच नाहीत, कुठल्यातरी जादा रकमेच्या कोपऱ्यात पडून आहेत आणि ऑगस्टचं व्याज पूर्ण 4,03,537 वरच लागलं. माझेच पैसे त्यांच्याकडे, आणि त्यावर महिन्याला 83 रुपये व्याज मीच भरतोय. 83 रुपये म्हणजे फार नाही, पातळ भाजी, पाव आणि चहा. पण फुकट का म्हणून पाजायचा मी बँकेला चहा?

आणि खातं रिकामं झाल्यामुळे 11 ला विम्याचा हप्ता परत गेला, त्याचा दंड 500 वर जीएसटी धरून 590. बायको म्हणाली, चवथ तोंडावर आली, माटोळीचं सामान यायचंय, आणि तुम्ही बँकेला दान करताय. मी रागाच्या भरात दोन्ही मॅन्डेट बंद करायला निघालो होतो. नशीब, दादाने अडवलं. दोन्ही बंद केले असते तर खरा हप्ताही चुकला असता, वर दंड आणि सिबिलवर डाग. बंद फक्त जुना करायचा, नंबर लिहून.

आता मॅनेजरला पत्र. पहिला मसुदा मी लिहिला तो तुला पाठवला असता तर तू तीच जुनी ओळ मारली असतीस, "हे पत्र नाही, देवळातलं गाऱ्हाणं आहे, शेवटी व्हय महाराजा तेवढं लिही." कॉलेजात स्कॉलरशिपच्या अर्जावर असंच बोलला होतास, आठ दिवस बोललो नव्हतो आपण. पण खरं होतं तुझं. दीड पान मनस्ताप आणि आकडा एकही नाही. मग सगळं खोडून असं केलं:

"माझ्या कर्जखात्याचा हप्ता जुलै व ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत 5 व 10 तारखेला, असा दोनदा वसूल झाला आहे. 5 तारखेची वसुली जुन्या मॅन्डेटवर असून तारीख बदलल्यावर तो रद्द होणे आवश्यक होते. शेड्यूलप्रमाणे चौदाव्या हप्त्यानंतरची बाकी व आपल्या स्टेटमेंटमधील बाकी एकच आहे, यावरून जादा रक्कम मुद्दलात जमा झालेली नाही. तरी 21,002 रुपये माझ्या बचत खात्यात परत करावेत, पुढील हप्त्यांत वळवू नयेत. जुना मॅन्डेट रद्द केल्याचे लेखी कळवावे व 590 रुपये भरून द्यावेत."

बस, एवढंच. खाली दोन्ही UMRN, मागे चार स्क्रीनशॉट, दोन्ही स्टेटमेंट आणि शेड्यूलचं एक पान, चौदावी-पंधरावी ओळ पेनाने अधोरेखित. 590 चं मला स्वतःला धड वाटत नाही, मिळालं तर मिळालं. मुद्दामच शेवटी ठेवलं, नाहीतर त्यावरच घोळ घालून बसतील आणि 21,002 बाजूला राहतील.

18 तारखेला दिलं, झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेऊन आलो. तो मुलगा म्हणे शिक्का लागत नाही काका, ईमेल करा. मी म्हटलं ईमेलही करतो, शिक्काही मार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, cms.rbi.org.in वर, फी नाही, पण आधी बँकेला लेखी दिलेलं असावं लागतं आणि ते दिल्याचा पुरावा म्हणजे हाच शिक्का.

तुझ्या नव्या नोकरीचं बरं चाललंय ना? पोरगी दहावीला ना यंदा? वहिनींना सांग, खतखतं चवथीला ठेवतो, या. तूही ये, आणि येताना गाडीबद्दल एक शब्द काढायचा नाही.

तुझाच,
नंदू

ता.क. आज बँकेचा फोन आला, जुना मॅन्डेट "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले. लेखी द्या म्हटलं तर फोन कट. 5 सप्टेंबरला सकाळी मोबाईल वाजला की तुलाच पहिला फोन करतो, उचल.