धायरीच्या फॅमिली डॉक्टरांना आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

दम्याच्या त्या पेशंटला स्टेरॉइडची गोळी देण्याआधी आपण रक्त काढून पाठवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या तर आयजीई आणि इओसिनोफिल दोन्ही खाली आले असते, आणि निदान निसटण्याचा धोका होता.

एक्स-रेमध्ये उजवीकडे वर डाग होता. आपल्याकडे अशा डागावर आधी टीबीचाच संशय येतो, यायलाही हवा. थुंकीची सीबीनॅट निगेटिव्ह आल्यावर आपण जुने एक्स-रे मागवलेत. सहा महिन्यांपूर्वीचा डाग डावीकडे होता, तो विरून गेला होता. जागा बदलणारा डाग, इनहेलर नीट घेऊनही आटोक्यात न येणारा दमा आणि खोकल्यातून पडणाऱ्या तपकिरी, चिवट गुठळ्या, एवढ्यावरून आपण चिठ्ठीत ‘एबीपीए?’ असं लिहिलंत. श्वासनळ्यांतल्या अ‍ॅस्परजिलस बुरशीची ही अ‍ॅलर्जी इतक्या लवकर क्वचितच कुणाच्या लक्षात येते.

संशय खरा ठरला. एकूण आयजीई ४,२०० आलं. निदानासाठी ५०० पुरतं. अ‍ॅस्परजिलसविरुद्धचं आयजीई १८ होतं, ते ०.३५ पासूनच पॉझिटिव्ह धरतात. इओसिनोफिल १,१००. सीटीत मध्यभागाकडच्या श्वासनळ्या रुंदावलेल्या होत्या आणि त्यांत अडकलेला कफ पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंपेक्षा पांढरा दिसत होता. असा दाट कफ दिसला की एबीपीएबद्दल फारशी शंका उरत नाही.

एरवी प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे रोज अर्धा मिलिग्रॅम, दोन ते चार आठवडे, आणि मग हळूहळू कमी करत एकूण चार महिने देतात. या पेशंटची शुगर आधीच वाढलेली, म्हणून इट्राकोनॅझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार महिन्यांसाठी सुरू केलं. कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. अ‍ॅसिडिटीची गोळी बंद केली, कारण पोटात आम्ल कमी असेल तर हे औषध नीट शोषलं जात नाही. आपल्या चिठ्ठीतली इनहेलरची नोंदही फार उपयोगी पडली. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचं शरीरात होणारं विघटन इट्राकोनॅझोलमुळे अडतं. चेहरा सुजतो आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. म्हणून बेक्लोमेथासोनचा इनहेलर दिला.

आठ आठवड्यांनी आयजीई २,३०० वर आलं, खोकला थांबला, एक्स-रे निवळला. या आजारात आयजीई नॉर्मल होण्याची वाट पाहायची नसते. निदान २० टक्के उतरलं आणि त्रास कमी झाला की औषध लागू पडलं.

पुढचा फॉलो-अप आपल्याकडेच असेल. दर आठ आठवड्यांनी आयजीई आणि मधूनमधून लिव्हरची तपासणी करावी. उपचार संपताना जो आकडा येईल तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्याच्या दीडपट आयजीई झालं आणि सोबत दमा बिघडला किंवा नवा डाग दिसला, तर पेशंटला लगेच आमच्याकडे पाठवावं.

आपले,
छातीविकार विभागातील सहकारी, पुणे