रजा अडते ती जीपपाशी

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात अग्निशमन दलातल्या रजांच्या प्रश्नावर आपण एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचे म्हणणे पहिल्या पानावर छापले आहे. ‘अत्यावश्यक सेवेत यायचे आणि रजेचा हट्ट धरायचा, हे चालणार नाही, रजा मनुष्यबळाच्या उपलब्धतेनुसारच मिळेल’ असे ते म्हणतात. काल दिवसभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, म्हणून आज लिहायला बसलो. मी अग्निशमन केंद्राचा स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे आणि ड्युटी चार्टही मीच लावायचो. रजा हा हक्क नाही, सेवेच्या निकडीपोटी ती नाकारता येते आणि दिलेली परतही बोलावता येते, हा नियम मला पाठ आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आगीला सुट्टी नसते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण ‘उपलब्ध मनुष्यबळ’ ठरते कसे, हे त्या अधिकाऱ्यांना आपल्या प्रतिनिधीने विचारायला हवे होते. ते विचारलेले दिसत नाही.

मी फक्त बंबाच्या चालकांचे सांगतो, कारण रजा सर्वांत आधी तिथे अडते. आमचा चालक नुसती गाडी चालवत नाही. घटनास्थळी पोहोचल्यावर पंपावर तोच उभा राहतो. नळीत किती दाब द्यायचा, टाकीतले पाणी संपायच्या आत दुसरीकडून पाणी कधी जोडून घ्यायचे, हे त्यालाच बघावे लागते. आत धुरात दोन माणसे नळी धरून असतात, त्यांचा जीव त्या दाबावर असतो. त्यामुळे चालक नसला की एखाद्या फायरमनला चाकावर बसवून वेळ मारून नेता येत नाही. केंद्रात वीस माणसे हजर असली तरी चालक नसेल तर बंब दाराबाहेर पडत नाही. म्हणून हजेरीपटावरचा एकूण आकडा दाखवून ‘एवढी माणसे आहेत की’ असे कोणी म्हणाले, तर त्याने ड्युटी चार्ट कधी लावलेला नाही असे खुशाल समजावे.

आता हिशेब बघा. केंद्रात दोन बंब आहेत आणि आठ तासांच्या तीन पाळ्या. म्हणजे दिवसाला चालकांच्या सहा पाळ्या आणि आठवड्याला बेचाळीस. एक चालक आठवड्यात सहा पाळ्या करतो आणि एक दिवस साप्ताहिक सुट्टी घेतो. बेचाळीसला सहाने भागा, सात चालक येतात. मंजूर पदेही सातच होती. वरच्या कचेरीत याचा अर्थ ‘सहा जागा आणि एक जादा’ असा लावतात आणि रजेसाठी एक माणूस ठेवला आहे म्हणून समाधान मानतात. पण तो सातवा माणूस इतरांच्या साप्ताहिक सुट्ट्या भरून काढण्यातच संपतो. रजेसाठी मागे कोणी उरतच नाही. सातांपैकी एक जण दोन आठवड्यांच्या रजेवर गेला तर त्याच्या बारा पाळ्या रिकाम्या पडतात. उरलेल्या सहा जणांच्या त्या दोन आठवड्यांतल्या साप्ताहिक सुट्ट्याही बाराच. म्हणजे एकाच्या रजेपोटी सहाही जणांची प्रत्येक सुट्टी जाते, आणि त्यात कोणाला साधा ताप आला तरी दुसऱ्याला सलग दोन पाळ्या कराव्या लागतात. हे सगळे पूर्ण भरती असताना.

वर्षाचा हिशेब केला तर चित्र आणखी स्वच्छ दिसते. वर्षाच्या 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या काढा, 30 दिवसांची अर्जित रजा आणि 8 किरकोळ रजा काढा, प्रशिक्षण आणि आजारपण यांसाठी साधारण 10 दिवस धरा. एक माणूस 265 दिवस कामाला मिळतो. दोन बंबांना वर्षाला 2,190 पाळ्या लागतात. आठ चालकांच्या मिळून 2,120 होतात, म्हणजे आठांनीही भागत नाही. नऊ लागतात. मग सात पदे मंजूर करणाऱ्याने त्या दिवशीच, कोणाचाही अर्ज यायच्या आधी, पुढच्या सगळ्या रजा नामंजूर करून ठेवलेल्या असतात. पुढे स्टेशन ऑफिसरची सही घेतात ती फक्त त्या निर्णयाचा वाईटपणा घ्यायला.

आमच्याकडे तर सातही हजर नव्हते. एक चालक मुख्यालयात एका साहेबांच्या जीपवर दिलेला होता. तोंडी आदेशावर, ‘तात्पुरता’. पगार आमच्या केंद्रातून, नाव आमच्या पटावर, माणूस तिकडे. वर जाणाऱ्या तक्त्यात आमचे संख्याबळ सातच दाखवले जाई. सहा चालकांच्या आठवड्याच्या पाळ्या छत्तीस होतात, लागतात बेचाळीस. म्हणजे कोणीही रजेवर नसताना सहाही जणांच्या साप्ताहिक सुट्ट्या आधीच गेलेल्या.

अशा वेळी एका चालकाने दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला. त्याच्या आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया होती, रुग्णालयाने दिलेल्या तारखेचा कागद त्याने सोबत जोडला होता, आणि अर्ज दोन महिने आधी आणला होता. याहून जबाबदारीने रजा कशी मागतात ते मला ठाऊक नाही. मी शिफारस करून अर्ज वर पाठवला आणि सोबत हिशेबही लिहून दिला: हा माणूस गेला की पाच चालक उरतील, पाचही जण सुट्टी न घेता रोज आले तरी आठवड्याला पस्तीस पाळ्या होतील, सात पाळ्या डबल ड्युटीने भराव्या लागतील, तेव्हा जीपवरचा आमचा चालक तेवढ्या काळापुरता परत द्यावा. अर्ज परत आला तो ‘मनुष्यबळ उपलब्ध झाल्यास विचार करावा’ एवढ्या शेऱ्यासह. मंजूर नाही आणि नामंजूरही नाही. जीपबद्दल अवाक्षर नाही.

हा शेरा फार वाईट असतो, संपादक महोदय. नामंजूर म्हटले असते तर त्याने शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली असती, बहिणीला बोलावून घेतले असते, वर दाद मागितली असती. मंजूर म्हटले असते तर मी चार्ट आधीच बदलून शेजारच्या केंद्रातून बदली चालक मागितला असता. ‘विचार करावा’ म्हटल्यावर दोघांचेही हात बांधले जातात. तो प्रत्येक पाळीच्या हजेरीनंतर माझ्या दाराशी येऊन उभा राहायचा. विचारायचा काही नाही, नुसता बघायचा. मी पुन्हा पत्र लिहिले, फोन केले. तारखेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी त्याच्या आजारपणाचा दाखला आला. मला नवल वाटले नाही. सकाळपाळीचा दुसरा चालक एकटाच होता आणि रात्रपाळी करून निघालेल्याला पुन्हा चाकावर बसवणे मला मान्य नव्हते. दुसरा बंब फायरमन, नळ्या, शिड्या, भरलेली टाकी यांच्यासह जागेवरच उभा राहिला. त्या पाळीत आमच्या हद्दीतली आगीची एक वर्दी दुसऱ्या केंद्राकडे वळवावी लागली. सुदैवाने आग लहान होती.

आणि पुढचे ऐका. त्याच दिवशी दुपारी जीपवरचा चालक केंद्रात हजर झाला. दोन महिने लेखी मागून जो माणूस मिळत नव्हता, तो बंब बंद पडल्याची नोंद वर जाताच काही तासांत मिळाला. म्हणजे मनुष्यबळ होते. फक्त ते जीपवर होते. चालकाला मात्र आजारपणाच्या रजेचा गैरवापर केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस निघाली. जीप कोणाच्या आदेशाने इतकी वर्षे आमच्या चालकावर चालली, याची नोटीस कोणालाच निघाली नाही.

म्हणूनच आपल्या बातमीच्या चौकटीतला ‘दांडीबहाद्दर’ हा शब्द मला फार लागला. आजारपणाच्या रजा वाढल्याचा आकडा आपण ठळक छापला. त्याच्या शेजारी नामंजूर किंवा अनिर्णित अर्जांच्या तारखा ठेवून बघितल्या असत्या, तर दोन्ही कागद एकमेकांशी बोलले असते. जिथे आधी मागितलेली रजा वेळेत मिळते तिथे हजेरीच्या वेळी येणारे दाखले कमी असतात, हे चार्ट लावणारा कोणीही सांगेल. खोटे दाखले आणणारे नसतात असे मी म्हणत नाही. होते, आणि मी त्यांच्यावर कारवाईही केली आहे. पण सगळ्यांना एका शब्दात गुंडाळणे आपल्या पत्राला शोभत नाही. आणि दर वर्षी अग्निशमन सेवा सप्ताहात याच माणसांचे फोटो आपण ‘शूर जवान’ म्हणून छापता, तेही लक्षात असू द्यावे.

त्या अधिकाऱ्यांना कदाचित वाटत असेल की वार्षिक रजा ही चैनीची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1970 चा सवेतन रजेचा करार (क्रमांक 132) वर्षाला किमान तीन आठवड्यांची रजा सांगतो. रजेची वेळ ठरवताना कामाची गरज बघावी हेही त्यात आहे, पण कामगाराशी बोलून, आणि त्याच्या विश्रांतीची संधी बघून. पैसे घेऊन किमान रजा सोडून देण्याचा करारही तो मान्य करत नाही. हा करार तो मंजूर करणाऱ्या देशांनाच बांधतो, हे मला माहीत आहे. पण त्यातला विचार कोणत्याही केंद्रात लागू करायला अशा मंजुरीची गरज नाही.

माझे मागणे फार नाही. अर्जाची पोच द्यावी आणि ठरावीक मुदतीत मंजूर किंवा नामंजूर असे लेखी उत्तर द्यावे. नामंजूर असेल तर कोणत्या पदाची किती माणसे कमी पडतात आणि कोणत्या तारखेपासून रजा देता येईल, हे त्यात लिहावे. जे केंद्रात काम करत नाहीत त्यांची नावे केंद्राच्या संख्याबळातून काढून टाकावीत, म्हणजे रिकामी जागा रिकामी दिसेल आणि भरतीची मागणी तरी होईल. आपल्या प्रतिनिधीने त्या अधिकाऱ्यांना पुन्हा भेटून एवढेच विचारावे की पटावर किती चालक आहेत, प्रत्यक्ष बंबावर किती आहेत, आणि उरलेले कोणाच्या गाडीवर आहेत. जे उत्तर मिळेल ते त्याच पहिल्या पानावर छापावे.

आपला,
एक निवृत्त स्टेशन ऑफिसर